300 पानांचं लग्नाचं जेवण: भाव कसा सांगायचा आणि ॲडव्हान्स कधी, किती घ्यायचा

घरून डबे देणारे, छोट्या ऑर्डरी करणारे बरेच जण तुळशीचं लग्न झालं की पहिली मोठी ऑर्डर घेतात आणि भाव मात्र डब्यासारखाच सांगतात, म्हणजे फोनवर समोरचा विचारतो "ताई, ताटाला किती?" आणि आपण मागच्या वेळी 40 माणसांच्या वाढदिवसाला जो आकडा लावला होता त्यात थोडं इकडंतिकडं करून सांगून मोकळं होतो. एकदा तोंडातून आकडा गेला की तो वर नेता येत नाही. म्हणून पहिल्या फोनवर भाव सांगायचाच नाही, "मेनू आणि हॉल कळू द्या, उद्या संध्याकाळपर्यंत लेखी पाठवते" एवढंच. कोणी फारच मागं लागलं तर रेंज सांगा, एक आकडा नको.

खाली जे उदाहरण घेतलंय ते 300 पानांचं शाकाहारी दुपारचं जेवण, बुफे, तालुक्याच्या गावातलं, हॉल 18 किलोमीटरवर. दर माझ्या बाजाराचे आहेत, तुमच्याकडं वेगळे असतील, ते बदलून हिशोब पुन्हा मांडा, पद्धत तीच राहते.

आधी काय विचारायचं

तारीख, वेळ आणि माणसं तर सगळेच विचारतात. त्याच्या पुढचे प्रश्न जास्त पैशाचे असतात. हॉलवाला बाहेरच्या केटररकडून रॉयल्टी घेतो का, घेत असेल तर ती पार्टी भरणार की आपण? काही हॉल ताटामागं घेतात, काही ठोक रक्कम, आणि हे लग्नाच्या आदल्या रात्री कळलं तर ते तुमच्याच खिशातून जातं. स्वयंपाकाची जागा कुठं आहे, तिथं पाण्याचा नळ चालू असतो की टँकर मागवावा लागतो, जेवणाचा हॉल वरच्या मजल्यावर असेल तर पातेली कोण आणि कशी चढवणार, आदल्या रात्री किती वाजता आत सोडतात. बुफे आहे की पंगत हेही पक्कं विचारा कारण पंगतीला वाढपी दीडपट-दुप्पट लागतात. आणि एक प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, फोटोवाले, बँडवाले, ड्रायव्हर, हॉलची माणसं यांचं जेवण 300 मध्ये धरलंय का? सहसा धरलेलं नसतं.

खर्च दोन ढिगात मांडा

मेनू ठरला: मसालेभात, वरण-भात, पुरी, बटाट्याची सुकी भाजी, अळूची भाजी, कोशिंबीर, भजी, पापड, चटणी-लोणचं, जिलबी आणि मठ्ठा. आता आचाऱ्याला बसवून याद करून घ्यायची. 300 पानांना आमच्याकडं दोन्ही भातांचे मिळून 28 किलो तांदूळ, पुऱ्यांना 20 किलो पीठ, 7 किलो तूरडाळ, 25 किलो बटाटा, तळणीसकट तेलाचे 15 किलोचे 3 डबे आणि माणशी 100 ग्रॅम धरून 30 किलो जिलबी असं साधारण बसतं. ही याद घेऊन किराणा दुकानात जाऊन आजचे भाव लिहून आणा, मागच्या वर्षीची वही बघू नका.

किराणा 30,000 आला. भाजी, दूध-दही, कोथिंबीर, नारळ, लिंबं 11,000. ताटं-वाट्या आणि बुफेची भांडी भाड्यानं 6,000. पाण्याचे जार, टिश्यू, कचऱ्याच्या पिशव्या 3,500. हा पहिला ढीग, 50,500, हा माणसं वाढली की वाढतो आणि कमी झाली की कमी होतो. ताटामागं साधारण 168 रुपये.

दुसरा ढीग माणसं थोडीफार कमीजास्त झाली तरी तेवढाच राहतो. आचारी, दोन मदतनीस आणि जिलबीवाला मिळून 12,000. वाढपी आणि भांडी घासणाऱ्या बायका 8,000. गॅसचे तीन कमर्शियल सिलिंडर 5,500. टेम्पोच्या दोन फेऱ्या 4,000. एकूण 29,500. आता कोणी म्हणेल 200 माणसांना वाढपी कमी लागतील की, लागतील एखाददोन कमी, पण आचारी काही दोन तृतीयांश पैसे घेत नाही आणि टेम्पोवाला तर नाहीच नाही.

दोन्ही मिळून 80,000. त्यावर भाववाढ, फुटलेली ताटं, ऐनवेळी आणायला लागणारं दही वगैरेला 5 टक्के, म्हणजे 4,000. झाले 84,000. यात अजून तुमची स्वतःची मजुरी नाही, नफा नाही. मी त्याला 21,000 धरते, मग बिल होतं 1,05,000, ताटाला 350.

इथं एक गोंधळ कायम होतो. 84,000 वर 21,000 म्हणजे 25 टक्के, म्हणून लोक समजतात आपल्याला 25 टक्के सुटतात. बिलाच्या मानानं ते 20 टक्केच आहेत. आणि पार्टी जेव्हा "दहा टक्के कमी करा" म्हणते तेव्हा ती बिलाचे दहा टक्के म्हणत असते, म्हणजे 10,500, म्हणजे तुमच्या 21,000 मधले बरोबर अर्धे. तीन दिवसांची धावपळ अर्ध्या पैशात. समोरच्याला वाटतं थोडंसंच तर कमी केलं.

एकच भाव देऊ नका

दोन ढीग का केले ते आता कळेल. लग्नघरी 300 म्हणून सांगतात आणि आठवड्यावर आलं की फोन येतो, "ताई, आता दोनशेच धरा, बाकीचं रिसेप्शनला गेलं." तुम्ही 350 चा शब्द दिलेला असतो. 200 माणसांना पहिला ढीग 33,700 च्या आसपास येतो, दुसरा तोच 29,500, वर 5 टक्के धरून झाले 66,300. ताटामागं खर्चच 331 पडला. 350 नं बिल 70,000, हातात राहिले 3,700. त्यात तुमची मजुरी पण आली, बघा म्हणजे.

म्हणून कोटेशनमध्ये तीन भाव लिहायचे. 300 पानांना 350, 250 पानांना 375, 200 पानांना 415. हे आकडे हवेतले नाहीत, प्रत्येक संख्येला दोन ढीग मांडायचे, 5 टक्के वाढवायचे आणि आलेल्या ताटाच्या खर्चाला 0.8 नं भागायचं, म्हणजे बिलाचे 20 टक्के आपल्याकडं राहतात. 331 भागिले 0.8 म्हणजे 414, ते 415 केलं. 250 ला खर्च 301 येतो, भागलं की 376, तिथं 375 ठेवलं. पार्टीला पण हे पटतं कारण माणसं कमी झाली की ताट महाग का होतं ते त्यांना आधीच दिसलेलं असतं, नंतर सांगितलं तर भांडण होतं.

संख्या कधी पक्की करायची हेही लिहा. माझ्याकडं सात दिवस आधी, कारण पाच दिवस आधी किराणा उचलला जातो. त्या दिवशी जी संख्या ठरेल त्याच्या स्लॅबचा भाव लागतो आणि तेवढ्या ताटांचं बिल होतंच, लोक कमी आले तरी. वर 10 टक्क्यांपर्यंत जास्त आले तर त्याच भावानं. त्याच्या पुढं माल असेल तोवर वाढू, जबाबदारी नाही.

ॲडव्हान्स टक्क्यात नाही, खर्चाच्या तारखेत ठरवा

"पन्नास टक्के ॲडव्हान्स" हे वाक्य सगळ्यांच्या तोंडात असतं पण पन्नासच का हे कोणी सांगत नाही. माझा नियम असा की कुठल्याही दिवशी पार्टीकडून आलेले पैसे मी खर्च केलेल्यापेक्षा कमी असता कामा नयेत. म्हणून आधी खर्चाचा कॅलेंडर लिहायचा.

बुकिंगच्या दिवशी आचारी 5,000 मागतो, भांडीवाला 2,000, टेम्पोवाला 1,000, म्हणजे 8,000 लगेच जातात. आणि त्या तारखेची दुसरी ऑर्डर आपण नाकारतो, लग्नाच्या तारखांना हेच मोठं नुकसान असतं. पाच दिवस आधी किराणा आणि गॅस, 35,500. आदल्या दिवशी भाजी, दूध, पाणी, 14,500. म्हणजे लग्नाची सकाळ उजाडायच्या आत 58,000 गेलेले असतात, आणि उरलेली मजुरी, भाडी, टेम्पो असे 22,000 त्या दिवशी द्यायचे असतात.

यावरून हप्ते आपोआप पडतात. बुकिंगला 25,000. सात दिवस आधी, संख्या पक्की करताना, 55,000. झाले 80,000, म्हणजे 300 पानांचा आख्खा खर्च हातात आला आणि मगच किराणा उचलला. शेवटचे 25,000 जेवण झाल्यावर, त्यात फक्त तुमचे 21,000 आणि ते जास्तीचे धरलेले 4,000 आहेत. शेवटचा हप्ता अडकला तर त्रास होतो पण किराणावाल्यापुढं मान खाली घालावी लागत नाही आणि वाढप्यांची मजुरी त्याच रात्री देता येते. दुसरा हप्ता आला नाही तर काय? किराणा उचलायचा नाही. हे बुकिंगलाच तोंडावर सांगायचं आणि लिहायचं, मग त्या दिवशी फोन करताना संकोच वाटत नाही.

रिटर्न गिफ्टची ऑर्डर असली, समजा 300 डबे लाडू किंवा स्टीलच्या वाट्या, तरी पद्धत हीच, फक्त एक फरक. डब्यावर नवरा-नवरीचं नाव छापलं की तो डबा दुसऱ्या कोणालाच विकता येत नाही. त्यामुळं छपाईच्या मालाचे पूर्ण पैसे छापायला टाकायच्या आधी, आणि नावाचं स्पेलिंग त्यांच्याकडून व्हॉट्सॲपवर "ओके" करून घेतल्याशिवाय छापायचं नाही.

भाव किती दिवस धरून ठेवायचा

सप्टेंबर 2024 मध्ये केंद्रानं कच्च्या पाम, सोयाबीन आणि सूर्यफूल तेलावरची बेसिक कस्टम ड्युटी शून्यावरून 20 टक्के केली, रिफाइंडवरची 12.5 वरून 32.5, आणि दिवाळीच्या तोंडावर तेलाचे भाव चढले. ज्यांनी गणपतीच्या आधी फराळाचे, लग्नाचे भाव सांगून ठेवले होते त्यांना डब्यामागचा फरक स्वतः भरायला लागला. म्हणून कोटेशनवर "हा भाव 10 दिवस" असं लिहायचंच, दहा दिवसांत पहिला हप्ता आला तर भाव पक्का, नाहीतर नव्यानं. चार-पाच महिने आधीचं बुकिंग असेल तर आणखी एक ओळ: तेल, तूरडाळ आणि साखर यांपैकी कशाचाही भाव आजच्यापेक्षा 10 टक्क्यांहून जास्त चढला तर तेवढाच फरक बिल दाखवून वेगळा. आजचा भाव कोटेशनमध्येच लिहून ठेवा, नाहीतर "आजच्यापेक्षा" म्हणजे कधीपेक्षा यावर वाद.

जीएसटी नोंदणी असेल तर "5 टक्के जीएसटी वेगळा" हे शब्द विसरू नका. विसरलात तर 350 मध्येच टॅक्स बसवावा लागतो, मग तुम्हाला ताटाला 333 च उरतात, 300 ताटांवर 5,000 गेले. केटरिंग ही सेवा धरतात, त्यामुळं ॲडव्हान्स हातात आला की त्यावरचा टॅक्स तेव्हाच लागतो, जेवणाच्या तारखेपर्यंत थांबता येत नाही. वर्षाची उलाढाल 20 लाखांच्या आत असेल आणि नोंदणी केलेली नसेल तर बिलात जीएसटी लावायचा नाही, तो घेण्याचा अधिकारच नसतो.

कोटेशन असं पाठवा

पीडीएफ वगैरे नसलं तरी चालतं, व्हॉट्सॲपवर साधा मेसेज पुरतो, फक्त समोरच्यानं "मान्य" असं लिहून उत्तर द्यायला हवं.

> 14 डिसेंबर, दुपारचं जेवण, बुफे, 12 ते 3. मेनू सोबत पाठवला आहे.
> भाव: 300 पानं 350, 250 पानं 375, 200 पानं 415. भाव 10 दिवस लागू.
> यात आहे: माल, आचारी, वाढपी, ताटं-भांडी, गॅस, टेम्पो, पिण्याचं पाणी.
> यात नाही: हॉलची रॉयल्टी, टेबल-खुर्च्या, मंडप, टँकर.
> बुकिंग 25,000. पानं पक्की करणे आणि दुसरा हप्ता 55,000: 7 डिसेंबर. दुसरा हप्ता आल्यावरच माल भरला जाईल. बाकी जेवणाच्या दिवशी, 4 वाजेपर्यंत.
> पक्क्या संख्येपेक्षा कमी लोक आले तरी पक्क्या संख्येचं बिल. 10 टक्क्यांपर्यंत जास्त पानं त्याच भावानं. 5 वर्षांखालच्या मुलांचं ताट मोजणार नाही. फोटोवाले, बँड, ड्रायव्हर संख्येत धरलेत.
> तारीख बदलल्यास एकदा, 6 महिन्यांत, आमची तारीख रिकामी असल्यास बुकिंग पुढे नेऊ, भाव त्या वेळचा.
> ऑर्डर रद्द केल्यास 14 नोव्हेंबरच्या आधी: आचारी, भांडी, टेम्पोला दिलेले 8,000 कापून बाकी परत. त्यानंतर 7 डिसेंबरपर्यंत: बुकिंगचे 25,000 परत नाहीत. 7 डिसेंबरनंतर: झालेला खर्च आणि 25,000, यात जे जास्त ते कापून बाकी परत.

शेवटची ओळ लांबलचक वाटते पण "ॲडव्हान्स परत मिळणार नाही" असं चार शब्दांत लिहिण्यापेक्षा बरी. 1872 च्या करार कायद्याचं कलम 74 सांगतं की करार मोडला म्हणून मागायची ती भरपाई वाजवी असावी, लिहिलेली रक्कम हे त्याचं कमाल टोक, म्हणजे मनाला येईल तो दंड ठेवता येत नाही. आपण काय खर्च केला आणि तारीख का गमावली हे दाखवता आलं की बोलायला जागा राहते. तारीख बदलण्याची ओळ मात्र माणुसकीनं वापरा. घरात कोणी गेलं, सुतक आलं आणि लग्न पुढं ढकललं तर त्या आठवड्यात पैशाचा विषय मी काढत नाही, भाजी-दुधासारखा नाशवंत माल घेतलेला असेल तेवढंच नंतर सांगायचं.

घासाघीस

ती होणारच. वरमाई नाहीतर कोणीतरी मामा फोन घेतो आणि म्हणतो, "ताई, पलीकडचा तीनशेत करतोय." तिथं भावाला हात लावू नका, मेनूला लावा. "तीनशेत बसवून देते मामा, पण मग अळूची भाजी आणि भजी काढू, जिलबीऐवजी बुंदी करू, बघा चालतंय का." बहुतेक वेळा उत्तर येतं, "नाही नाही, जिलबी राहू द्या." मग जिलबीसकट 335 वर गोष्ट थांबते आणि भजी जाते, आणि आपला नफा आहे तिथंच राहतो कारण तेलाचा एक डबा आणि बेसन वाचलेलं असतं. काही न काढता भाव उतरवला की समोरच्याला वाटतं पहिला आकडाच फुगवलेला होता. मला विचाराल तर सूट द्यायचीच असेल तर ती आधी पैसे देणाऱ्याला द्या, सगळी रक्कम सात दिवस आधी भरली तर 2,000 कमी, याचा तुम्हालाही उपयोग आहे.

पैसे घेताना

यूपीआयवर घेतलेत तर नोटमध्ये "14 डिसें जेवण हप्ता 1" लिहायला सांगा. स्क्रीनशॉटवर विश्वास नको, स्वतःच्या बँकेचं ॲप उघडून जमा बघा. रोख घेतली तर लगेच पावती नाहीतर निदान "25,000 रोख मिळाले" असा मेसेज.

आणि मोठ्या ऑर्डरच्या नावाखाली एक फसवणूक बरीच वर्षं चालू आहे. फोनवरचा माणूस लष्करात अधिकारी असल्याचं सांगतो, न बघता शंभर-दोनशे ताटांची ऑर्डर देतो, भाव अजिबात पाडत नाही, आणि म्हणतो ॲडव्हान्स आमच्या ऑफिसकडून येईल, हा क्यूआर स्कॅन करा आणि पिन टाका म्हणजे जमा होईल. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही, पिन टाकला की जातातच. दुसरा प्रकार, 25,000 ऐवजी 35,000 पाठवल्याचा खोटा मेसेज दाखवून "चुकून जास्त गेले, दहा परत पाठवा" म्हणतात. मेनू न विचारणारा आणि घासाघीस न करणारा लग्नघरचा माणूस मी तरी अजून पाहिला नाही, त्यामुळं एवढ्यावरूनच सावध व्हायला हरकत नाही.

त्या दिवशी ताटं मोजणं

बुफेला वाद होतो तो इथं. जेवण सुरू व्हायच्या आधी पार्टीचा एक माणूस, शक्यतो ज्याच्याशी पैशाचं बोलणं झालंय तो नाही, एखादा भाचा-पुतण्या, त्याला बोलावून ताटांच्या पन्नास-पन्नासच्या थप्प्या मोजून दाखवायच्या आणि आकडा वहीत लिहून त्याची सही घ्यायची. समजा 350 ताटं लावली. घासलेलं ताट परत थप्पीत जाऊ द्यायचं नाही, ते वेगळ्या क्रेटमध्ये. शेवटी त्याच भाच्यासमोर उरलेली कोरी ताटं मोजायची, 32 उरली तर 318 वापरली. मुलांना लहान वेगळ्या प्लेट ठेवल्या की त्यांच्यावरून बोलणं होत नाही. कोणी दोनदा ताट घेतलं तर ते दोन धरले जातात हे आधीच सांगून ठेवा.

मग हिशोब सरळ आहे: 300 पक्की, 18 जास्तीची गुणिले 350 म्हणजे 6,300, अधिक बाकी 25,000, असे 31,300. उरलेलं जेवण पार्टीचं, पण न्यायला डबे त्यांनी आणायचे आणि मठ्ठा-कोशिंबीर दुपारभर बाहेर राहिली असेल तर ती द्यायची नाही, टाकायची. पैसे मागायची वेळ म्हणजे शेवटची पंगत, म्हणजे घरची माणसं जेवून उठली आणि पाठवणी सुरू व्हायची आहे त्या मधली अर्धा तासाची फट. पाठवणीत कोणी पाकीट काढत नाही, आणि दुसऱ्या दिवशी सगळे सत्यनारायणाच्या गडबडीत असतात.